पोल्ट्री पट्ट्यातलं ग्रामीण रुग्णालय आणि बर्ड फ्लूचा संशयित: रिपोर्ट येईपर्यंतचे तास

प्रश्न: "आमचं ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे, आजूबाजूला पोल्ट्री शेड भरपूर. निगेटिव्ह प्रेशरची खोली नाही. ताप-खोकल्याच्या पेशंटमध्ये बर्ड फ्लूचा संशय नेमका कधी घ्यायचा? आणि रिपोर्ट येईपर्यंत त्याला कुठे नि कसं ठेवायचं? प्रत्येकाला वेगळं ठेवलं तर वॉर्डच चालणार नाही."

डॉक्टर, खोलीकडे येतेच, पण आधी खोलीच्या अलीकडचं बोलू. अशा आजारांचा रुग्णालयातला फैलाव बहुतेक वेळा आयसोलेशन खोलीतून होत नाही. कुणाला संशयच आलेला नसतो, त्या तासांत तो होऊन जातो. दक्षिण कोरियात २०१५ मध्ये मर्स पसरला, तेव्हा आखाती देशांतून परतलेला पहिला रुग्ण निदान होईपर्यंत एकामागून एक दवाखाने फिरला. पुढे त्याच्यापासून लागण झालेला एक जण सोलच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात दोन-तीन दिवस होता, आणि त्याच्यापासून ८० हून अधिक लोकांना लागण झाली. एकूण १८६ रुग्ण, ३८ मृत्यू. त्या रुग्णालयाकडे साधनांची वानवा नव्हती. तो माणूस आधी कुठे होता, हा प्रश्न मात्र वेळेवर विचारला गेला नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह केस पेपरच्या खिडकीवर असतो. ताप आणि खोकला किंवा दम, किंवा ताप आणि डोळे लाल, असं सांगणाऱ्याला तिथेच साधा सर्जिकल मास्क द्यायचा, रांगेतून बाजूला काढून बाहेरच्या मोकळ्या बाकावर बसवायचं आणि संपर्काचा प्रश्न विचारायचा. यात खोली गुंतत नाही, सिस्टर अडकत नाही. एवढं तुम्ही दिवसाला वीस जणांसाठी केलंत तरी वॉर्ड अडणार नाही. खोली लागते ती पुढच्या पायरीवर, आणि तिथवर फार थोडे पोचतात.

प्रश्न कसा विचारता, यावर उत्तर अवलंबून आहे. "कोंबड्यांशी संपर्क आला का?" असं विचारलं की निम्मे लोक सरळ "नाही" म्हणतात. रात्री शेडवरून माल उचलायला, म्हणजे लिफ्टिंगला जाणारा स्वतःला पोल्ट्रीवाला समजत नाही, तो 'टेम्पोवर असतो'. शेतात कोंबडी खत पसरणारा शेतकरी असतो. चिकनच्या दुकानात सोलायला बसणारा पोरगा 'दुकानात' असतो. घरच्या चार गावरान कोंबड्या तर कुणी मोजतच नाही. म्हणून मी कामं एकेक नावं घेऊन विचारते: लिफ्टिंग, तूस बदलणं, खत भरणं, कोंबडी कापणं, मेलेले पक्षी पुरणं. त्यानंतरचा प्रश्न, "गावात मर पडली होती का?" कोंबड्या पटापट मेल्या की लोक बहुधा 'मानमोडी आली' म्हणतात. मानमोडी म्हणजे राणीखेत असेलही, पण शेड पाहून राणीखेत आणि बर्ड फ्लू यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. तेव्हा 'मानमोडी' हा शब्द कानावर पडला की सुटकेचा निःश्वास सोडू नका, उलट पुढे विचारा: किती मेल्या, किती दिवसांत, पशुसंवर्धनवाल्यांनी नमुने नेले का?

कोंबड्यांपलीकडचंही विचारावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले ते एच५एन१ ने, आणि त्याआधीच्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याच विषाणूने गेले. मेलेला कावळा उचलून फेकलेला सफाई कामगार तुमच्या यादीत हवाच. आणि एक प्रश्न माणसांबद्दलचा: गेल्या १४ दिवसांत आखाती देशांतून कुणी आलं का? उमऱ्याहून किंवा नोकरीवरून परतलेल्याला न्यूमोनिया असेल तर मर्सचा विचार करायचा. पहिल्या दिवसाची वागणूक तीच राहते, फक्त नमुन्याच्या फॉर्मवर हा इतिहास ठळक लिहायचा, म्हणजे तपासणी त्या दिशेने होते.

बर्ड फ्लूमध्ये संपर्कानंतर साधारण दोन ते पाच दिवसांत लक्षणं दिसतात, क्वचित दहापर्यंत लांबतं. म्हणून प्रश्न मागच्या दहा दिवसांचा. नुसती लक्षणं पाहून ओळखता येईल का, तर नाही. लवकर वाढणारा न्यूमोनिया, लिम्फोसाइट आणि प्लेटलेट कमी, थोडे जुलाब, हे सगळं एच५एन१ मध्ये दिसतं आणि नेहमीच्या फ्लूतही दिसतं. संपर्काचा इतिहास हाच मुख्य आधार. पण तो दर वेळी सापडतोच असं नाही. जुलै २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये हरियाणाचा ११ वर्षांचा मुलगा एच५एन१ ने गेला. तो देशातला माणसातला पहिला नोंदलेला मृत्यू. त्याला ल्युकेमिया होता, म्हणजे न्यूमोनियाला दुसरं कारण समोर तयारच होतं. एक धागा प्रयोगशाळेतून मिळू शकतो, तो खाली सांगते. दुसरा तुमच्या हातात आहे: एकाच घरातले किंवा एकाच शेडवरचे दोघे-तिघे आठवड्याभरात आजारी पडले, किंवा न्यूमोनियाच्या पेशंटची शुश्रूषा करणारी सिस्टर तापाने पडली, तर संपर्क सापडो न सापडो, संशय घ्यायचा.

आता खोली कुणाला, हे परिस्थितीवर ठरतं. तुमच्या भागात पशुसंवर्धन विभागाने उद्रेक जाहीर केला असेल (त्यांचं १ किलोमीटरचं बाधित क्षेत्र आणि १० किलोमीटरपर्यंतचं निगराणी क्षेत्र असतं), तर त्या क्षेत्रातला, संपर्क असलेला आणि ताप-खोकल्याचा प्रत्येक माणूस माझ्या लेखी संशयित. त्यातला जो धडधाकट आहे, ऑक्सिजन ९५ च्या वर आहे, घरी वेगळी खोली आहे आणि फोन उचलतो, त्याचा नमुना घेऊन, औषध सुरू करून, जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना कळवून घरी ठेवता येतं. रोज फोन करायचा आणि दम वाढला तर काय करायचं ते लिहून द्यायचं. उद्रेक जाहीर नसेल तर मर पडलेल्या शेडचा संपर्क आणि सोबत न्यूमोनिया, अशी जोडी दिसली की खोली. एरवी मास्क आणि बाहेरचा बाक पुरतो. या हिशेबाने वर्षाला किती जण खोलीत जातील ते मोजून पाहा, आकडा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा लहान निघेल.

खोली निवडताना मी तीन गोष्टी बघते. व्हरांड्याच्या टोकाला असावी, म्हणजे दारावरून येजा नको. खिडकी बाहेर उघडणारी हवी, व्हरांड्यात नको. संडास आतच असावा, नसेल तर आत कमोड खुर्ची ठेवायची. अशा खोलीत हवा दाराकडून आत आणि खिडकीतून बाहेर जाईल एवढं साधलं की निगेटिव्ह प्रेशरच्या खोलीतलं महत्त्वाचं काम बऱ्यापैकी साधतं. त्यासाठी एक्झॉस्ट पंखा. हिशेब असा: खोली ४ मीटर लांब, ३ रुंद, ३ उंच, म्हणजे ३६ घनमीटर. तासाला १२ वेळा हवा बदलायची तर ४३२ घनमीटर हवा बाहेर फेकायला हवी. पंख्याच्या खोक्यावर जो आकडा छापलेला असतो तो जाळी, झडप आणि धूळ नसतानाचा. प्रत्यक्षात निम्माच धरा. म्हणजे खोक्यावर ताशी ९०० ते १००० घनमीटर लिहिलेला पंखा घ्यायचा. वायरमनला बोलावून एका दुपारी बसतो.

पंखा बसला की काम झालं असं समजू नका, कारण इथेच गडबड होते. पंखा चालू ठेवून कुणीतरी शेजारची खिडकी सताड उघडतं. मग पंखा त्याच खिडकीतली हवा ओढून बाहेर टाकत राहतो आणि दारातून वारा कधी आत, कधी बाहेर. पंखा चालू असताना बाकीच्या खिडक्या बंद, दार बंद, दाराखाली बोटभर फट. दर पाळीला सिस्टरने दाराखालच्या फटीशी पेटलेली उदबत्ती धरायची, मात्र खोलीबाहेर उभं राहून आणि ऑक्सिजन सिलिंडर जवळपास नसताना. धूर फटीतून आत ओढला गेला तर ठीक. बाहेर आला किंवा जागीच घोटाळला तर काहीतरी उघडं आहे, किंवा पंख्याची झडप अडकली आहे. वाऱ्याची दिशा बदलली की उत्तरही बदलतं, म्हणून सकाळची चाचणी संध्याकाळला चालत नाही. स्प्लिट एसी बंद ठेवायचा, तो तीच हवा फिरवतो. आणि पंखा बाहेर कुठे उघडतो ते आधी जाऊन बघा. एका ठिकाणी मी मागे गेले तर पंख्याच्या बरोबर खाली नातेवाईक डबा खायला बसत होते.

वीज गेली तर? तुमच्याकडे जनरेटरवर ती लाइन नसेल तर पंखा थांबतो. मग त्या खोलीच्या बाहेरच्या खिडक्या पूर्ण उघडायच्या आणि दार घट्ट बंद ठेवायचं. दोन समोरासमोरच्या भिंतींना बाहेर उघडणाऱ्या खिडक्या असतील तर वाऱ्याच्या दिवशी पंख्याइतकी किंवा जास्तही हवा बदलते, पण तिच्यावर आपला ताबा नसतो. म्हणून पंखा असलेली खोली मी आधी घेते.

एक पेशंट सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. तिशीतला माणूस, तिसऱ्या दिवसाचा ताप, खोकला, डोळे लाल, श्वास मिनिटाला २६, ऑक्सिजन ९२. कोंबड्यांचं काम करता का, तर "नाही, मी टेम्पो चालवतो." टेम्पोत काय असतं हे विचारल्यावर जिवंत कोंबड्यांचे क्रेट निघाले. बायको म्हणाली, "मागच्या आठवड्यात ज्या शेडवर गेले होते तिथं मानमोडी होती, मालक मेलेल्या बाजूला काढायला लावत होता." एवढं पुरेसं होतं. त्याला मास्क लावून, व्हरांडा मोकळा करून, बाहेरच्या बाजूने टोकाच्या खोलीत नेलं. एक्स-रेला पाठवलं नाही. पोर्टेबल मशीन नव्हतं, तेव्हा छाती ऐकून आणि ऑक्सिजन बघून काम भागवलं, आणि एक्स-रे संध्याकाळी सगळ्यांत शेवटी काढून खोली हवेशीर केली.

ओसेल्टामिविर लगेच, ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. तब्येत गंभीर असेल तर पुढे वाढवतात, मूत्रपिंड कमकुवत असेल तर मात्रा कमी, मुलांना वजनावर. रिपोर्टसाठी हे औषध थांबवायचं नाही, पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त उपयोगी पडतं. जिवाणूंच्या न्यूमोनियाची प्रतिजैविकं सोबत दिली. स्टेरॉइड दिलं नाही, फ्लूच्या न्यूमोनियात नुसत्या सवयीने देऊ नका. छातीत घरघर होती, पण नेब्युलायझर लावला नाही, कारण त्यासाठी मास्क निघतो आणि खोकल्याची उबळ येते. स्पेसर लावून पंप दिला. ऑक्सिजन साध्या मास्कने, त्यावरून सर्जिकल मास्क.

आत जाणाऱ्यांना एन९५, गॉगल, गाऊन, हातमोजे. एन९५ घातल्यावर दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोराने श्वास सोडायचा. नाकाच्या बाजूने डोळ्यांकडे हवा आली तर पट्टी पुन्हा दाबायची. दाढीवर एन९५ बसत नाही, आमच्या एका ब्रदरला म्हणून त्या पाळीत आत पाठवलं नाही. पण लागण बहुधा घालताना होत नाही, काढताना होते. क्रम असा ठेवा: दाराच्या आत हातमोजे, मग गाऊन आतली बाजू बाहेर करत गुंडाळून, दोन्ही पिवळ्या पिशवीत, हात चोळून स्वच्छ, बाहेर येऊन दार बंद, पुन्हा हात, मग गॉगल मागच्या पट्टीने, शेवटी मास्क, पुढे हात न लावता, पुन्हा हात. दारासमोर एक खुर्ची आणि सॅनिटायझर ठेवा, आणि शक्यतो दुसऱ्या कुणीतरी उभं राहून बघावं. सगळ्यांत जास्त चुका फोन वाजल्यावर होतात: आतला माणूस मोजे न काढता खिशात हात घालतो. फोन बाहेरच ठेवायचे, नियम म्हणून. मावशी-मामांनाही हेच सगळं शिकवा, खोली पुसायला त्याच जातात. पेशंट हलवल्यावर पंखा चालू ठेवून निदान तासभर थांबायचं, मग आत जायचं. बारा वेळा हवा बदलणाऱ्या खोलीत साधारण ३५ मिनिटांत हवेतले ९९.९ टक्के कण जातात, पण आपला बारा हा अंदाजाचा बारा आहे.

नमुना घशाचा आणि नाकाचा, दोन्ही काड्या एकाच व्हीटीएममध्ये. डोळे लाल होते म्हणून डोळ्याची काडी वेगळी. बर्फाच्या पेटीत २ ते ८ अंशांवर, तीन आवरणांत. पेटी निघायच्या आधी जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना फोन. तुम्ही नमुना नुसता 'फ्लू' म्हणून पाठवला तर तो रांगेत पडतो, 'मर पडलेल्या शेडचा संपर्क' लिहिलंत तर उचलला जातो. वर म्हटला तो प्रयोगशाळेचा धागा इथे आहे: रिपोर्टवर इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह आणि खाली एच१एन१ व एच३एन२ दोन्ही निगेटिव्ह असं दिसलं, तर तो रिपोर्ट फाइलला लावून विसरायचा नाही. उपप्रकार ठरत नसलेला नमुना पुढे पुण्याच्या एनआयव्हीकडे गेला की नाही, हे फोन करून विचारा आणि तोवर पेशंट खोलीतच ठेवा. दहा मिनिटांच्या रॅपिड किटवर निगेटिव्ह आलं म्हणून सोडू नका, ती किट बरेच रुग्ण चुकवतात.

आमच्या टेम्पोवाल्याचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला: नेहमीचा एच१एन१. बहुतेक वेळा असंच होईल. पण श्रम वाया गेले असं मला वाटत नाही, स्वाइन फ्लूच्या पेशंटलाही सर्वसाधारण वॉर्डात दोन खाटांच्या मध्ये ठेवायचं नसतंच.

उलटी परिस्थिती जास्त अवघड असते: घशाचा नमुना पूर्ण निगेटिव्ह, पण न्यूमोनिया वाढतोय आणि संपर्क पक्का आहे. एच५एन१ खोल फुप्फुसात जास्त असतो, घशात कमी सापडू शकतो. अशा वेळी पहिल्या निगेटिव्हवर खोली उघडू नका. चोवीस तासांनी पुन्हा नमुना, आणि नळी घातलेली असेल तर श्वासनलिकेतला स्राव पाठवा. उलट दुसरं निदान पक्कं झालं, त्या उपचाराने पेशंट सुधारतोय आणि संपर्कही कच्चाच होता, तर एका निगेटिव्हवर मी मोकळं करते.

ऑक्सिजन ९० च्या खाली जाऊ लागला की जिल्ह्याला हलवायचं, आणि नळी घालायची वेळ येण्याआधी. घाईत, अर्धवट पीपीईत केलेलं इंट्युबेशन हा तुमच्या माणसांसाठी सगळ्यात धोक्याचा क्षण. १०८ ला बोलावताना संशय स्पष्ट सांगा. चालकाच्या केबिनची खिडकी बंद, मागच्या खिडक्या उघड्या, पेशंटला मास्क. पलीकडच्या डॉक्टरांशी तुम्ही स्वतः बोला, म्हणजे तो त्यांच्या कॅज्युअल्टीत तासभर स्ट्रेचरवर पडून राहणार नाही.

पहिल्या तासापासून दारावर एक वही लटकवा: आत कोण गेलं, किती वाजता, काय घालून. बायको, सोबतचा हमाल, केस पेपरवरचा क्लार्क यांचीही नावं. रिपोर्ट एच५ आला तर शेवटच्या संपर्कापासून दहा दिवस या सगळ्यांचा ताप सकाळ-संध्याकाळ बघायचा असतो, आणि प्रतिबंधक ओसेल्टामिविर कुणाला द्यायचं ते या वहीवरूनच ठरतं. सोबत थांबलेल्या नातेवाइकालाही विचारा, तो बऱ्याचदा त्याच शेडवर काम करतो आणि त्यालाही कणकण असते, फक्त तो सांगत नाही.

तुमच्या टोकाच्या खोलीची मापं आणि तिच्या खिडक्या कुठे उघडतात ते लिहा. पंखा कितीचा आणि कुठल्या भिंतीला, ते सांगते.